27 मार्चचं पत्र

एका कंपनीतल्या व्यवस्थापकांचा राजीनामा 3 फेब्रुवारीला आला. गोपनीयतेची आठवण करून देणारं पत्र त्यांना 27 मार्चला संध्याकाळी पाच वाजता गेलं. 28 मार्चला सकाळी त्या कंपनीच्या एचआरमधून मला फोन आला. फोनवरच्या मुलीचा आवाज रडवेला झाला होता. "सर, आम्ही तर नेहमीचंच पत्र पाठवलं," ती म्हणाली.

कंपनी औद्योगिक व्हॉल्व्ह बनवते. सोडून जाणारे गृहस्थ वरिष्ठ विक्री व्यवस्थापक, अकरा वर्षांची नोकरी, निरोपसमारंभही गोडीत पार पडलेला. ओळख पटू नये म्हणून मी धंदा आणि तारखा बदलल्या आहेत, पण घटनाक्रम तसाच ठेवला आहे. पत्राचा गाभा तीन वाक्यांचा होता:

"कंपनीत असताना आपणास मिळालेली सर्व माहिती गोपनीय असून ती कोणासही कधीही सांगण्यास सक्त मनाई आहे. पुढील दोन वर्षे आपण कोणत्याही स्पर्धक कंपनीत काम करू शकणार नाही. आपल्याकडील कंपनीचा सर्व डेटा त्वरित नष्ट करावा व सर्व मालमत्ता जमा करावी, अन्यथा अंतिम देयक रोखून कायदेशीर कारवाई करण्यात येईल."

त्यावर रात्री साडेदहाला व्यवस्थापकांचं उत्तर आलं, तेही तीनच वाक्यांचं. दोन वर्षांची बंदी माझ्या करारात कुठे आहे ते दाखवा. तुम्ही सांगितल्याप्रमाणे सगळा डेटा नष्ट केला आहे, फोनसुद्धा रीसेट केला. 1 एप्रिलला नवीन ठिकाणी रुजू होतो आहे, तेव्हा हिशेब त्याआधी द्या.

या तिन्ही वाक्यांत कंपनीसाठी एकेक डोकेदुखी दडलेली होती. ती व्यवस्थापकांनी निर्माण केली नव्हती. पत्रानेच केली होती.

पहिली गोष्ट मी मागितली ती नेमणुकीचा करार, आणि तो मिळायला दुपार झाली. एचआरकडे पत्राचा नमुना हाताशी होता, करार मात्र जुन्या फायलीत होता, आणि पत्र लिहिताना तो कोणी उघडलाच नव्हता. त्यात स्पर्धकाकडे काम न करण्याचं कलम होतं, पण फक्त नोकरीत असेपर्यंतचं. नोकरी सुटल्यानंतरची दोन वर्षांची बंदी कुठेच नव्हती. मग पत्रात ती आली कुठून? काही वर्षांपूर्वी एका संचालकाला पाठवलेलं पत्र नमुना म्हणून जपून ठेवलं होतं, आणि नाव बदलून तेच सगळ्यांना जात होतं.

आठवणपत्र नवी जबाबदारी निर्माण करू शकत नाही. करारात किंवा कायद्यात जे आधीच आहे त्याचीच आठवण त्याला करून देता येते. नोकरीनंतरच्या बंदीचं कलम करारात असतं तरी ते टिकलं असतंच असंही नाही. हा प्रश्न देशागणिक बदलतो. भारतात 1872 च्या करार कायद्याचं कलम 27 अशा बंदीच्या आड येतं, तर इंग्लंडमध्ये ती वाजवी मर्यादेत असेल तर चालते. करारात नसलेली बंदी पत्रात घातली की वाचणाऱ्याचा पत्रातल्या खऱ्या गोष्टींवरचा विश्वासही उडतो. व्यवस्थापकांनी नेमकं तेच केलं. एक वाक्य खोटं ठरल्यावर गोपनीयतेचं वाक्यही त्यांना धमकीच वाटलं.

दुसरी गोष्ट तारखेची. करारात नोटीस 60 दिवसांची होती, राजीनामा मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजायची. म्हणजे 4 फेब्रुवारी हा पहिला दिवस. त्या वर्षी फेब्रुवारी 28 दिवसांचा होता, तेव्हा त्यातले 25 दिवस, मार्चचे 31 आणि एप्रिलचे 4, असा साठावा दिवस 4 एप्रिलला येत होता. (एचआरच्या तक्त्यात 3 एप्रिल होता, कारण तिथे साठ दिवसांऐवजी दोन महिने धरले होते. हा घोळ फार जुना आहे.) विभागप्रमुखांनी शिल्लक रजा समायोजित करून 27 मार्च हा कार्यालयातला शेवटचा दिवस ठरवला होता, तोही तोंडी.

शेवटचा कामाचा दिवस आणि नोकरी संपण्याचा दिवस एकच समजून दोन्ही बाजू चालत होत्या. वास्तविक 28 मार्चपासून व्यवस्थापक रजेवर होते, नोकरीत होते, पगारही चालू होता. 1 एप्रिलला ते स्पर्धकाकडे रुजू झाले असते तर चार दिवस एकाच वेळी दोन मालकांचे नोकर ठरले असते, तेही एकाच धंद्यातल्या. करारभंगाची ती उघड बाब होती आणि पत्रात तिचा उल्लेखच नव्हता. जी बंदी अस्तित्वातच नाही ती ठळक अक्षरांत, आणि जी होती तिच्याबद्दल एक शब्द नाही.

हा फरक इतका मोलाचा का, ते दोन जुन्या इंग्रजी निकालांवरून कळतं. 1895 च्या रॉब विरुद्ध ग्रीन खटल्यात शिकारीचे पक्षी आणि अंडी विकणाऱ्या एका व्यवसायाच्या व्यवस्थापकाने नोकरीत असतानाच मालकाच्या वहीतून ग्राहकांची नावं-पत्ते उतरवून घेतले, आणि पुढे स्वतःच्या धंद्यासाठी वापरले. करारात तसं कलम नसूनही न्यायालयाने तो निष्ठेचा भंग ठरवला. 1986 च्या फॅसेंडा चिकन विरुद्ध फाउलर खटल्यात विक्री व्यवस्थापकाने नोकरी सोडून तसाच, गाडीतून ताजी कोंबडी विकण्याचा धंदा काढला. ग्राहक कोण, गाडी कोणत्या वाटेने जाते, कोणाला काय भावाने देतात, हे सगळं त्याला माहीत होतं. इथे कंपनी हरली. नोकरीत असताना निष्ठेचं कर्तव्य व्यापक असतं, पण नोकरी संपल्यावर करारात वेगळं काही नसेल तर खऱ्या व्यापारी गुपितांच्या पातळीची माहितीच सुरक्षित राहते, कामाच्या ओघात डोक्यात साठलेली सगळी माहिती नाही, असं अपील न्यायालयाने म्हटलं. एखादी माहिती त्या पातळीची आहे का हे ठरवताना काय पाहायचं, त्यात न्यायालयाने हेही धरलं की मालकाने तिची गोपनीयता कर्मचाऱ्याच्या मनावर बिंबवली होती का.

म्हणून नोटीस कालावधीतलं आठवणपत्र म्हणजे नुसता उपचार नसतो. पण "सर्व माहिती गोपनीय" असं लिहिलं की काहीच बिंबवलं जात नाही. अकरा वर्षं व्हॉल्व्ह विकलेल्या माणसाला वाफेच्या लाइनला कोणता व्हॉल्व्ह चालेल हे माहीत असणारच. ते त्याचं कौशल्य आहे आणि तो ते घेऊनच जाणार. वितरकांच्या सवलतीचा तक्ता मात्र कंपनीचा. दोन्ही एकाच वाक्यात कोंबले की माणूस दोन्ही आपलेच समजतो.

आता तिसरी गोष्ट, आणि ती सगळ्यात महागात पडली: "सर्व डेटा त्वरित नष्ट करावा." हे वाक्य मी इतक्या पत्रांत पाहिलं आहे की लिहिणाऱ्यांना ते दक्षतेचं लक्षण वाटत असावं. व्यवस्थापकांनी ते प्रामाणिकपणे पाळलं. त्यांच्या खाजगी फोनवर ग्राहकांशी झालेल्या चॅट होत्या. त्यातल्या एकीत चालू ऑर्डरच्या सवलतीची बोलणी झाली होती, आणि ती दुसरीकडे कुठेच नोंदलेली नव्हती. फोन रीसेट झाला आणि ती चॅट गेली. शिवाय काय होतं आणि काय नव्हतं, हे पडताळण्याची वाटही बंद झाली. उद्या वाद झालाच तर कंपनी पुरावा मागू शकत नाही, कारण तो नष्ट करायला तिनेच लेखी सांगितलं होतं.

क्रम उलटा हवा. आधी काय आहे ते सांगायचं, मग ते कंपनीला परत करायचं, आणि कंपनीने मिळाल्याची पोच दिल्यावर आपल्याकडची प्रत काढून टाकायची. तोवर हात लावायचा नाही.

त्याच संध्याकाळी आयटीला फोन केला, कारण मला लॅपटॉपची धास्ती होती. ती खरी निघाली. लॅपटॉप जमा झाला होता आणि सोमवारी नव्या माणसाला द्यायचा म्हणून फॉरमॅट करायच्या रांगेत ठेवला होता. तो बाजूला काढून कुलपात ठेवायला सांगितलं. मेलच्या नोंदींत दिसलं की व्यवस्थापकांनी स्वतःच्या खाजगी पत्त्यावर दोन दरपत्रकं पाठवली होती. एक जानेवारीत, एक 20 फेब्रुवारीला, म्हणजे राजीनाम्यानंतर. विभागप्रमुख लगेच म्हणाले, "बघा, म्हणजे चोरीच!" मी म्हटलं, जरा थांबा. 20 फेब्रुवारीला ते घरून एक कोटेशन तयार करत होते आणि तेच कोटेशन दुसऱ्या दिवशी कंपनीच्या नावाने ग्राहकाला गेलं होतं. एवढ्यावरून हेतू ठरत नाही, फक्त प्रत कुठे आहे ते कळतं. पत्रात तेवढंच लिहायचं.

वस्तूंचीही तीच गत. मालमत्ता नोंदवहीत त्यांच्या नावावर तीन वस्तू होत्या: लॅपटॉप, सिमकार्ड, ॲक्सेस कार्ड. तिन्ही जमा झाल्या म्हणून एचआरने "बाकी काही नाही" असा शेरा मारला होता. मी भांडारातली चलनं मागवली, तेव्हा त्यात सहा कापीव व्हॉल्व्हची नमुनापेटी निघाली. ग्राहकांना आतली रचना दाखवण्यासाठी ती दोन वर्षांपूर्वी नेली होती. भांडारातून चलनावर गेलेली वस्तू एचआरच्या वहीत येत नाही, हे त्या कंपनीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते तपासणं कोणाचंच काम नव्हतं. याशिवाय वितरकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता आणि त्याचे एकमेव ॲडमिन हेच गृहस्थ, स्वतःच्या नंबरावरून. बैठकींच्या दोन वह्याही होत्या.

29 मार्चला मी व्यवस्थापकांशी फोनवर बोललो. सुरुवातीला ते तुटकच होते. "साहेब, अकरा वर्षांनी चोर ठरवलं मला," एवढं म्हणून गप्प झाले. पत्र मागे घेतलं जाईल, असं सांगितल्यावर बोलणं सुरू झालं. नवी कंपनी 1 एप्रिलची तारीख पुढे ढकलायला तयार नव्हती. मी कंपनीला विचारलं, रजेवर असलेल्या माणसाला चार दिवस अडवून तुम्हाला काय मिळणार? कधी कधी मिळतंही. संवेदनशील पदावरच्या माणसाला पगार देऊन मुद्दाम घरी बसवतात, गार्डन लीव्ह म्हणतात ते, म्हणजे हातातली ताजी माहिती तेवढी शिळी होते. इथे एक निविदा होती, पण ती 31 तारखेला दुपारी उघडणार होती. त्यानंतर तिचे दर गुपित राहणार नव्हते. कंपनीने 31 मार्चला कार्यमुक्त करायचं मान्य केलं.

30 मार्चला गेलेलं पत्र असं होतं:

"विषय: नोटीस कालावधी, कंपनीच्या वस्तू व नोंदी परत करणे आणि गोपनीयतेच्या जबाबदाऱ्यांची आठवण.

आमचे 27 मार्चचे पत्र आम्ही पूर्णपणे मागे घेत आहोत. त्यातील दोन वर्षांच्या बंदीला आपल्या करारात आधार नाही. त्या पत्राऐवजी हे पत्र ग्राह्य धरावे.

आपला राजीनामा 3 फेब्रुवारी रोजी मिळाला. करारातील कलम 9 नुसार 60 दिवसांचा नोटीस कालावधी 4 एप्रिल रोजी संपतो. आपल्या विनंतीवरून कंपनी आपणास 31 मार्च रोजी कामकाजाच्या शेवटी कार्यमुक्त करीत आहे. उरलेल्या 4 दिवसांबद्दल कोणत्याही बाजूने भरपाई देय नाही.

31 मार्चपर्यंत आपण रजेवर असलात तरी कंपनीचे कर्मचारी आहात. तोपर्यंत आपण दुसऱ्या मालकासाठी काम करू नये, ग्राहक, वितरक किंवा सहकारी यांना आपल्याबरोबर येण्याविषयी सुचवू नये आणि कंपनीच्या नोंदींच्या प्रती काढू नयेत. आपण नोकरी सोडत आहात एवढे सांगण्यास हरकत नाही.

त्यानंतरही कलम 11 नुसार पुढील माहिती आपण वापरू अथवा उघड करू नये: वितरकांच्या सवलतीचा तक्ता व ग्राहकनिहाय दर, तसेच सादर न झालेल्या किंवा न उघडलेल्या निविदांचे दर, 2 वर्षांपर्यंत, आणि व्हॉल्व्हची सीट बसवण्याची प्रक्रिया व तिची रेखाचित्रे, ती सार्वजनिक होईपर्यंत. आपले कौशल्य, अनुभव आणि उघडपणे उपलब्ध असलेली माहिती यांवर कोणतेही बंधन नाही.

लॅपटॉप, सिमकार्ड व ॲक्सेस कार्ड मिळाले आहे. आमच्या नोंदीनुसार भांडाराच्या चलनावरील नमुनापेटी (6 नग) आणि बैठकींच्या वह्या आपल्याकडे आहेत. त्या 31 मार्च रोजी दुपारी 12 पर्यंत जमा कराव्यात अथवा आम्हास कळवावे, आम्ही माणूस पाठवू. वितरकांच्या ग्रुपमध्ये आपल्या जागी आलेल्या व्यक्तीस ॲडमिन करून मग ग्रुप सोडावा.

आमच्या नोंदीनुसार जानेवारीत व 20 फेब्रुवारी रोजी दोन दरपत्रके आपल्या खाजगी मेलवर गेली आहेत. कृपया ती, किंवा कंपनीची इतर कोणतीही नोंद, सध्या काढून टाकू नये. अशा नोंदींची यादी आम्हास पाठवावी. त्या मिळाल्याची पोच आम्ही देऊ, त्यानंतर आपल्याकडील प्रती काढून तसे एका ओळीत कळवावे. आपली खाजगी छायाचित्रे, संदेश किंवा फोन तपासण्याचा आमचा हेतू नाही.

या पत्रातील काहीही आपणास कायद्याच्या उल्लंघनाची माहिती सक्षम अधिकाऱ्यांना देण्यापासून रोखत नाही.

आपला अंतिम हिशेब ठरलेल्या तारखेस होईल. तो वरील बाबींवर अवलंबून नाही."

शेवटून दुसऱ्या परिच्छेदावर संचालक अडले. तक्रार करण्याची वाट आपणच का दाखवायची, असा त्यांचा सूर होता. वाट आपण दाखवत नाही, ती असतेच. गोपनीयतेच्या नावाखाली ती बुजवल्यासारखं दिसलं तर मात्र अख्खं पत्र संशयास्पद होतं. अमेरिकेत तर 2016 च्या व्यापारी गुपितांच्या कायद्यानुसार, गुपित सरकारी अधिकाऱ्याला गोपनीयपणे कळवणाऱ्याला मिळणाऱ्या संरक्षणाची सूचना मालकाने करारात दिली नसेल, तर त्या कर्मचाऱ्यावरच्या दाव्यात जादा भरपाई आणि वकिलाचा खर्च मालकाला मागता येत नाही.

हिशेबाचं वाक्य मात्र मी हट्टाने ठेवलं. कमावलेला पगार पेटीसाठी अडवायला बहुतेक ठिकाणचे कायदे सहजासहजी परवानगी देत नाहीत. पेटी मिळाली नाही तर तिच्या किमतीचा प्रश्न वेगळा सोडवता येतो.

या पत्रावर सही मागितली होती ती फक्त "मिळाले" म्हणून, "मान्य" म्हणून नाही. जबाबदाऱ्या करारातून येतात, त्या पुन्हा मान्य करायला लावल्या की माणूस वकील गाठतो आणि आठवडा जातो. सही त्याच दिवशी मिळाली.

31 मार्चला पेटी आली. पाच व्हॉल्व्ह होते. सहावा एका ग्राहकाकडे राहिला होता आणि त्याचं नाव चिठ्ठीवर लिहिलं होतं. वह्या आल्या. एका वहीतली चार पानं फाडलेली होती. विचारल्यावर ते म्हणाले की त्यांवर घरचा हिशेब होता. खरं असेल, नसेलही. मी "पाने 41 ते 44 नाहीत, कर्मचाऱ्याच्या म्हणण्यानुसार खाजगी मजकूर" अशी नोंद पोचपावतीवर करायला लावली आणि विषय तिथेच थांबवला. फाडलेल्या पानांवरून भांडायला कंपनीच्या हाती काहीच नव्हतं. मेलमधल्या दरपत्रकांची यादी आली. तिच्यात दोनऐवजी तीन फायली होत्या. तिसरी आमच्या नोंदीत नव्हतीच, कारण ती एका सहकाऱ्याने थेट त्यांच्या खाजगी पत्त्यावर पाठवली होती. त्यांनी ती आपणहून सांगितली.

एचआरच्या त्या मुलीने पुढे नमुना बदलला. आता राजीनामा मंजूर होतो त्याच आठवड्यात पहिलं पत्र जातं, करार समोर ठेवून लिहिलेलं, आणि त्याबरोबर वस्तूंची कोरी यादी जाते. ती कर्मचारी, भांडार आणि आयटी असे तिघे भरतात. शेवटच्या दिवसाच्या पत्रात उरलेल्या गोष्टीच फक्त असतात. पहिल्या पत्राची वेळ महत्त्वाची, कारण 20 फेब्रुवारीचा तो मेल राजीनाम्यानंतर सतराव्या दिवशी गेला होता. आठवण आधी गेली असती तर कदाचित त्यांनी कोटेशन दुसऱ्या मार्गाने केलं असतं. 27 मार्चला त्या आठवणीचा काहीच उपयोग नव्हता.

आणि ती पुसलेली चॅट? एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ग्राहकाने सात टक्के सवलत ठरल्याचं सांगितलं. नव्या व्यवस्थापकाकडे काहीच नोंद नव्हती. जुन्यांना विचारलं तर ते म्हणाले पाच, पण दाखवायला त्यांच्याकडे आता काही नव्हतं. शेवटी ग्राहकालाच विनंती करून त्याच्या फोनवरच्या चॅटची छायाचित्रं मागवली. त्याने ती पाठवायला नऊ दिवस लावले. त्यात पाचच निघाली.